तीस टक्के कशाचे?

अर्ज करणाऱ्याला त्याचं एकच पत्र दिसतं, आम्हाला सगळ्यांची दिसतात. गंमत सगळी इथेच आहे. ज्याने रात्री साडेअकराला जाहिरात कॉपी करून एआयला दिली आणि "याच्यासाठी कव्हर लेटर लिही" म्हटलं, त्याला समोर आलेलं पत्र झकासच वाटणार, कारण त्याच्या स्वतःच्या इंग्रजीपेक्षा ते शंभर पटीने बरं असतं. पण त्याच रात्री तीच जाहिरात त्याच यंत्राला अजून चाळीस जणांनी दिलेली असते, आणि सकाळी चहा घेत मी इनबॉक्स उघडते तेव्हा ती चाळीस पत्रं एकाखाली एक अशी येतात की चौथ्या-पाचव्यानंतर पुढचं वाक्य काय असणार ते मीच आधी म्हणू शकते.

मी बडोद्याला एका ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीत एचआर बघते. कारखाना सावली गावाच्या बाजूला, घर दांडिया बाजारात, म्हणजे सकाळी स्टाफ बसमध्ये बसल्यावर फोनवर हेच वाचत जायचं. मी इंजिनियर नाही, पण इतकी वर्षं टेस्टिंगवाल्यांच्या केबिनशेजारी बसून त्यांची भाषा कानावर पडून पडून थोडीफार कळायला लागली आहे, आणि खरं सांगायचं तर पत्र ओळखायला तेवढी पुरते.

यावेळी जागा टेस्ट इंजिनियरची होती. जाहिरातीत आम्ही साधं लिहिलं होतं: डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर, ३३ केव्हीपर्यंत, रूटीन टेस्ट स्वतः करता यायला हव्यात, बाहेरचे इन्स्पेक्टर आले की त्यांच्यासमोर टेस्ट दाखवायची, हीट रन असेल त्या रात्री थांबावं लागेल. बस. ज्याने हे काम केलंय त्याला या चार ओळीत पूर्ण दिवस दिसतो, कुठे घाम फुटणार तेसुद्धा दिसतं.

आणि पत्रं काय आली? "आपल्या प्रतिष्ठित संस्थेतील टेस्ट इंजिनियर या पदासाठी मी अत्यंत उत्सुकतेने अर्ज करत आहे" (हे मी मराठीत सांगतेय, होतं अर्थात इंग्रजीत). मग प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड. मग गुणवत्तेशी बांधिलकी, बारकाईने काम करायची वृत्ती, वेगवान वातावरणात काम करायची क्षमता, टीमसोबत आणि एकट्यानेही. मग आमच्या कंपनीचं कौतुक, की आपल्या नाविन्यपूर्ण आणि शाश्वत ऊर्जा उपायांनी मी प्रभावित झालो आहे. आता आमच्या वेबसाइटवर एका ट्रान्सफॉर्मरचा फोटो आणि जुन्या ऑफिसचा फोन नंबर याशिवाय काही नाही, त्यामुळे हा माणूस नेमका कशाने प्रभावित झाला ते मालकांनासुद्धा जाणून घ्यायला आवडेल. एकाने तर चौकटी कंसात 'कंपनीचं नाव इथे टाका' हे तसंच ठेवून पाठवलं होतं, पण अशी ढळढळीत पत्रं कमीच, त्यांच्यावर हसून पुढे जाता येतं. खरा प्रश्न नीटनेटक्या पत्रांचा असतो.

अशा पत्राला मी एकच गोष्ट करून बघते. कंपनीचं नाव आणि पदाचं नाव झाकायचं आणि मनातल्या मनात तिथे हॉटेलचा मॅनेजर घालायचा. किती वाक्यं खोटी पडतात ते बघायचं. एका पत्रात दहा-अकरा वाक्यं होती, त्यातली जेमतेम दोन पडली, आणि ती दोनही आमच्याच जाहिरातीतून उचललेली, "रूटीन टेस्ट करण्यात आणि इन्स्पेक्टरसमोर सादर करण्यात मी पारंगत आहे". म्हणजे आम्ही जे सांगितलं तेच आम्हाला परत. बाकी सगळं पत्र हॉटेलला चाललं असतं, बँकेला चाललं असतं. आमचे टेस्टिंगचे इनचार्ज गुजराती आहेत, ते अशी पत्रं दोन सेकंद बघतात आणि म्हणतात, "बेन, आ तो बधे चाले." सगळीकडे चालणारं पत्र, म्हणजे आमच्याकडे नाही चालणार.

पण ज्या पत्रामुळे मी हे लिहायला बसले त्यात एक आकडा होता. "माझ्या आधीच्या कंपनीत मी टेस्टिंगची कार्यक्षमता तीस टक्क्यांनी वाढवली." आता आकडा आला की वाचणारा जरा सरळ बसतो, कारण गेली कित्येक वर्षं करिअरवाले सगळ्यांना हेच शिकवतायत की आकडे द्या, आकड्यांनी वजन येतं. यंत्रानेही तेच सल्ले वाचलेले असणार. त्याच्याकडे त्या मुलाचा आकडा नसतो, मग ते एक गोल आकडा बसवून देतं, आणि मुलगा तो खोडत नाही, कारण छान दिसतो.

मी तो आकडा इनचार्जसाहेबांना दाखवला. त्यांनी विचारलं, तीस टक्के कशाचे?

मग त्यांनी मला जे समजावलं ते मजेशीर होतं. रूटीन टेस्टमध्ये वेळ कमी करायची फारशी सोयच नाही, कारण वेळ स्टँडर्डने बांधलेली आहे. बाहेरून व्होल्टेज देऊन इन्सुलेशन सहन करतं का बघायची टेस्ट असते, ती साठ सेकंद धरावी लागते. ती बेचाळीस सेकंदात केली तर कार्यक्षमता वाढत नाही, टेस्टच बाद होते. दुसरी असते इंड्युस्ड व्होल्टेजची, तिथे फ्रिक्वेन्सी वाढवली की वेळ कमी होतो, पण तोही सूत्राने: दुप्पट फ्रिक्वेन्सीपर्यंत साठ सेकंद, त्याच्या वर १२० गुणिले रेटेड फ्रिक्वेन्सी भागिले टेस्टची फ्रिक्वेन्सी, आणि काही झालं तरी पंधरा सेकंदांच्या खाली नाही. म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरला १५० हर्ट्झवर चाळीस सेकंद. ते यंत्रसामग्रीवर ठरतं, कुणाच्या कर्तबगारीवर नाही. हीट रन म्हणजे ट्रान्सफॉर्मर लोडवर किती तापतो ते बघायची टेस्ट, तिचं तर विचारूच नका. तेलाचं तापमान चढत चढत जिथे तासाला एक अंशापेक्षाही कमी बदलायला लागतं, आणि तसं तीन तास राहतं, तेव्हा कुठे ते स्थिर झालं असं धरतात. तेल तापायला जितका वेळ घेणार तितका घेणारच, तुम्ही कितीही वेगवान वातावरणात काम करणारे असा. म्हणून तर रात्री थांबावं लागतं!

मग वेळ जातो कुठे? साहेब म्हणाले, जोडण्यांमध्ये. एक ट्रान्सफॉर्मर टेस्ट होऊन उतरवायचा, दुसरा चढवायचा, लीड लावायच्या, आणि या सगळ्यात क्रेन हवी, जी नेमकी त्याच वेळी टँक उचलायला गेलेली असते. ज्याने खरंच वेळ वाचवला असेल त्याने इथेच वाचवला असणार, आणि तो "कार्यक्षमता" असं लिहिणार नाही, तो लिहील की क्रेनची वाट बघण्यात दिवस जायचा म्हणून मी टेस्ट बेला ट्रॉली करून घेतली. त्यात टक्के नसले तरी चालतील. आम्ही त्या तीस टक्केवाल्याला फोन करून विचारलंही, की हे कसं केलंत? तो म्हणाला, "टीमवर्क आणि ऑप्टिमायझेशनने." बरं म्हटलं.

एका पत्राने तर हीट रनचा भलताच अर्थ लावला होता. "उष्ण आणि उच्च तापमानाच्या वातावरणात रात्रीही काम करण्याची माझी तयारी आहे." बिचाऱ्याला वाटलं आम्ही भट्टीसमोर उभं करणार आहोत. हे यंत्राने केलं की मुलाने त्याला तसं सांगितलं ते माहीत नाही, पण पाठवण्याआधी ज्याने आयुष्यात एकदा हीट रन पाहिलाय अशा माणसाने ते वाचलं नव्हतं, एवढं नक्की.

आता कुणी म्हणेल की आधी काय मोठी अस्सल पत्रं यायची? नाहीच यायची. रावपुऱ्यात टायपिंग क्लासवाल्यांकडे तयार अर्ज मिळायचा, "विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन" ने सुरू होऊन "टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ" वर संपणारा, फक्त नाव बदलायचं. माझ्या स्वतःच्या काकांनी त्याच्यावर नोकरी मिळवली आणि त्याच नोकरीतून रिटायर झाले. पण त्या अर्जाचा कुणाला मोह पडत नव्हता. तो फॉर्म आहे हे देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, कुणी त्यात गुण शोधत नव्हतं, दोघंही सर्टिफिकेटांकडे बघायचे. आताचं पत्र फॉर्म असूनही फॉर्मसारखं दिसत नाही, ते मनापासून लिहिल्यासारखं दिसतं, उत्साह दाखवतं, मूल्यं जुळल्याचं सांगतं, आणि वाचणाऱ्याचा वेळ खाऊन शेवटी हातात काही देत नाही. माझी चिडचिड होते ती याची. भाषा गुळगुळीत आहे याची नाही.

कारण ज्या मुलाला आम्ही घेतलं त्याचंही पत्र गुळगुळीतच होतं. सुरुवातीची दोन वाक्यं तर शब्दशः इतरांसारखी, मी जवळजवळ पुढे सरकले होते. पण मध्ये एक परिच्छेद होता. तो आधीच्या ठिकाणी ११००० व्होल्टचे ४३३ करणारे ट्रान्सफॉर्मर टेस्ट करायचा. डेल्टा-स्टार जोडणी असल्याने रेशो, म्हणजे दोन बाजूंच्या व्होल्टेजचं गुणोत्तर, एका फेजचा बघतात, आणि ४३३ चे एका फेजला २५० होतात, म्हणून ११००० भागिले २५०, बरोबर ४४. टॅप, म्हणजे व्होल्टेज थोडं कमीजास्त करायच्या पायऱ्या, अडीच अडीच टक्क्यांचे, त्यामुळे मधल्या टॅपवर ४४, चौथ्यावर ४२.९, पाचव्यावर ४१.८ असं उतरत जायला हवं. एका जॉबला दोन फेज बरोबर आल्या आणि तिसऱ्या फेजवर चौथ्याला ४१.८ आणि पाचव्याला ४२.९ दिसलं. त्याने लिहिलं होतं की वाइंडिंगमध्ये दोष असता तर आकडे असे उलटसुलट पण नेमके आले नसते, म्हणून मी सुपरवायझरला सांगितलं की टॅप स्विचवरच्या दोन लीड अदलाबदल झाल्या आहेत, उघडून बघा. उघडलं, तेच निघालं. पुढे त्याने हेही लिहिलं होतं की तेल भरून झालेलं असल्यामुळे उघडताना अर्धा दिवस गेला आणि प्रॉडक्शनवाले माझ्यावर चिडले, तेव्हापासून मी तेल भरायच्या आधी एकदा रेशो बघून घ्यायला लागलो.

हा परिच्छेद मी साहेबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, फोन मागून घेतला आणि स्वतः परत वाचला, मग म्हणाले बोलवा.

यात बघण्यासारखं काय आहे, तर तो परिच्छेद हॉटेलला चालत नाही. अर्ध्या टक्क्याच्या आत रेशो बसला पाहिजे हे जिथे रोज बघतात तिथेच तो चालतो. त्यात एक चूक आहे जी दुसऱ्याने केली, एक अंदाज आहे जो याने बांधला, अर्धा दिवस आहे जो वाया गेला, आणि चिडलेली माणसं आहेत. यशाची पत्रं यंत्र भरपूर लिहून देतं, पण प्रॉडक्शनवाले चिडले हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? मुलाखतीत मी त्याला विचारलं, पत्र कुणी लिहिलं? तो जरा घाबरला. म्हणाला, मॅडम, मी हिंदीत लिहिलं आणि एआयकडून इंग्रजी करून घेतलं. मी म्हटलं चांगलं केलंत. खरंच चांगलं केलं. टेस्ट बेवर आम्हाला इंग्रजीचा प्राध्यापक नको आहे.

म्हणूनच मला ते एआय पकडणारे सॉफ्टवेअर पटत नाहीत. आमच्या कन्सल्टंटने ते घ्या म्हणून खूप गळ घातली, पत्र टाकलं की इतके टक्के यंत्राचं असं सांगतं म्हणे. आता ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी आणलं, त्यांनी स्वतःच २०२३ च्या जानेवारीत असं ओळखणारं साधन काढलं होतं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के पकडायचं, आणि माणसाने लिहिलेल्यातलं ९ टक्के उगाच यंत्राच्या नावावर टाकायचं. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद करून टाकलं. आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध ती सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवत होती, कारण परकी भाषा लिहिणारा माणूस साधे, ठरलेले शब्द वापरतो आणि ही साधनं त्यालाच यंत्राची खूण समजत होती. साधनं त्यानंतर सुधारली असतील, पण आमच्याकडे अर्ज करणारे सगळेच, गुजराती काय मराठी काय, परकं इंग्रजी लिहिणारे. त्यांना यंत्राच्या मोजणीवर बाहेर काढायचं? आणि समजा मोजणी बरोबर आली तरी त्यातून मला काय कळलं? टॅपवाल्या मुलाचं पत्र त्यात हमखास अडकलं असतं.

त्यापेक्षा दोष थोडा आमच्या बाजूलाही आहे तो बघावा. त्याच कन्सल्टंटने आधी दुसऱ्या एका जागेसाठी जाहिरात टाकली होती, डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड, सेल्फ-स्टार्टर उमेदवार हवा. ती जाहिरातही बहुतेक एआयनेच लिहिलेली, मला वाचताक्षणी वाटलं. तिला आलेली पत्रं डायनॅमिक आणि सेल्फ-स्टार्टरच होती, दुसरं काय येणार! जाहिरातीत धरायला काही नसेल तर पत्रात कुठून येईल? तेव्हापासून जाहिरात मी साहेबांच्या शेजारी बसून लिहिते, आणि आता खाली एक प्रश्न टाकतो: टेस्टला नापास झालेला एक ट्रान्सफॉर्मर आठवा, उघडल्यावर आत काय निघालं? काही जण जाहिरातीत गुपचूप एखादा सापळा शब्द लपवतात, जो फक्त यंत्रच उचलेल, तो प्रकार मला आवडत नाही, नोकरी मागायला आलेल्याला खड्डा खणून ठेवायचा कशाला. सरळ विचारावं. या प्रश्नालाही "रूट कॉज अॅनालिसिस करून सुधारात्मक आणि प्रतिबंधात्मक उपाय योजले" अशी उत्तरं येतात, आणि मग मला ठरवायला काही उरत नाही. काय निघालं विचारलं होतं ना? पेपर जळलेला निघाला, लीड सैल निघाली, काहीतरी निघायला हवं.

नवीन पास झालेल्यांचं मात्र वेगळं. त्यांच्याकडे नापास ट्रान्सफॉर्मर कुठून असणार. त्यांच्या पत्रात अनुभव शोधणं अन्यायच आहे, पण जाहिरात वाचली की नाही ते तिथेही दिसतं. एका डिप्लोमावाल्या मुलीने लिहिलं होतं की कॉलेजकडून मकरपुऱ्याला एर्डा या विजेच्या उपकरणांच्या टेस्ट करणाऱ्या संस्थेत व्हिजिट झाली तेव्हा हाय व्होल्टेज लॅब लांबून पाहिली, हात लावू दिला नाही, आणि तुमच्या जाहिरातीत रात्री थांबायचं लिहिलंय तर मुलींना थांबवता का आणि परत यायला गाडी असते का. पत्रात गाडीचं विचारणं शिष्टाचाराला धरून नाही असं आमच्या ऑफिसातले एक जण म्हणाले. मला तर त्या सगळ्या ढिगात जाहिरातीची शेवटची ओळ वाचून तिचा अर्थ लावलेला हाच एक अर्ज सापडला. गाडी असते, आणि तिला ट्रेनी म्हणून घेतलं.

जिथे शंका असते तिथे मी दोन मिनिटांचा फोन करते, कारण वाईट पत्रामागे चांगला माणूस असू शकतो आणि हे सारखं होतं. परवा असाच एक वाघोडियाकडचा, पत्र शंभर टक्के सगळीकडे चालणारं, पण सीव्हीवर आठ वर्षं टेस्टिंग लिहिलेलं. फोन केला तर जी गाडी सुटली! हीट रन संपल्यावर सप्लाय बंद करून किती पटकन रेझिस्टन्सचं पहिलं रीडिंग घ्यावं लागतं, वाइंडिंग थंड व्हायला लागते म्हणून, त्यासाठी त्याने दोन पोरांना कसं आधीच जागेवर उभं करून ठेवायची सवय लावली, एकाने शॉर्टिंग काढायचं, दुसऱ्याने लीड लावायच्या, आणि इन्स्पेक्टर झोपेतून उठून यायच्या आत पहिलं रीडिंग हातात. मी विचारलं, अहो भाई, हे पत्रात का नाही लिहिलंत? तर म्हणाला, "बेन, ए तो रोजनुं काम छे, एमां शुं लखवानुं?"

मी म्हटलं हेच लिहून पाठवा, जसं आता बोललात तसंच, साहेबांना दाखवायचंय. रात्री मेल आला. "हीट रन प्रक्रियेतील वेळेच्या दृष्टीने महत्त्वाच्या कार्यांचे समन्वयन करण्यात आणि टीमला प्रेरित करण्यात मी निपुण आहे." दोन पोरं गायब, झोपलेला इन्स्पेक्टर गायब. साहेबांना मी फोनवरचंच सांगितलं, आणि गुरुवारी त्याला बोलावलंय.